डॉमिनियनमध्ये डेक आटोपशीर का ठेवावा आणि पत्ता विकत घेणे केव्हा टाळावे

डॉमिनियन हा डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा खेळ २००८ साली बाजारात आला आणि खेळता खेळता स्वतःचा डेक उभारण्याची पद्धत त्याच्यामुळे सर्वदूर पोहोचली. त्यानंतर या प्रकारचे कितीतरी खेळ आले, परंतु डेक लहान ठेवण्याचे गणित समजून घ्यायचे असेल तर आजही मूळ डॉमिनियनइतका स्वच्छ नमुना दुसरा नाही, कारण त्याच्या पहिल्या पेटीतले पत्ते साधे आहेत आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम बोटांवर मोजता येतो. हा लेख त्या मूळ पेटीपुरताच आहे. खेळाचे प्राथमिक नियम वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरले आहे, तरी जिथे हिशोबासाठी आवश्यक आहे तिथे पत्त्याची किंमत आणि काम सांगितले आहे.

नव्या खेळाडूची सर्वांत खोल रुजलेली सवय अशी असते की, हातात तीन नाणी आहेत तर तीन नाण्यांचे काहीतरी घेतलेच पाहिजे. उरलेली नाणी पुढच्या पाळीत नेता येत नाहीत, त्यामुळे खरेदी न करता पाळी सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे त्याला वाटते. मीही पहिले अनेक डाव असेच खेळलो. नाणी वाया जातात हे खरे आहे, पण ती एका पाळीचीच हानी असते. नको असलेला पत्ता मात्र डेकमध्ये शिरला की प्रत्येक पिसणीनंतर पुन्हा हातात येतो आणि दर वेळी एका चांगल्या पत्त्याची जागा अडवतो. या दोन हानींची तुलना करायची तर आधी सरासरीचा हिशोब मांडावा लागतो.

पहिली पायरी: सरासरी काढणे

सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा पत्ते असतात. त्यांत सात कॉपर असतात, ज्यांचे प्रत्येकी एक नाणे मिळते, आणि तीन इस्टेट असतात, ज्यांचे अखेरीस प्रत्येकी एक गुण मिळतात पण खेळताना काहीच उपयोग होत नाही. दहा पत्त्यांत सात नाणी म्हणजे दर पत्त्यामागे ०.७ नाणे, आणि पाच पत्त्यांच्या हातात सरासरी साडेतीन नाणी. ज्याच्यावर बहुतेक डाव जिंकले जातात तो सहा गुणांचा प्रॉव्हिन्स आठ नाण्यांना मिळतो. पाच पत्त्यांतून आठ नाणी हवी असतील तर दर पत्त्यामागे १.६ नाणी पडली पाहिजेत. ०.७ पासून १.६ पर्यंतचा हा प्रवास लवकरात लवकर कसा करायचा, हाच डॉमिनियनच्या पूर्वार्धाचा खरा प्रश्न आहे.

आता तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहू. समजा, तुम्ही फुकट मिळणारे तीन कॉपर घेतले, तर तेरा पत्त्यांत दहा नाणी होतात आणि हाताची सरासरी सुमारे ३.८५ होते. समजा, त्याऐवजी तीन नाण्यांना मिळणारे आणि दोन नाणी देणारे दोन सिल्व्हर घेतले, तर बारा पत्त्यांत अकरा नाणी होतात आणि सरासरी सुमारे ४.६ होते. आणि समजा, तुम्ही काहीही न घेता फक्त तीन इस्टेट डेकमधून कायमच्या काढून टाकल्या, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ट्रॅश केल्या, तर सात पत्त्यांत सात नाणी उरतात आणि प्रत्येक हातात नेमकी पाच नाणी येतात. तीन निरुपयोगी पत्ते घालवणे हे दोन चांगले पत्ते मिळवण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरते, ही गोष्ट प्रथम ऐकताना पटत नाही, म्हणून हा हिशोब एकदा कागदावर स्वतः करून पाहावा.

कॉपरबद्दल एक बारकावा इथेच सांगतो, कारण इथे अनेकजण फसतात. सुरुवातीच्या डेकची सरासरी ०.७ असल्यामुळे एक नाणे देणारा कॉपर घेतला की सरासरी खरोखरच वाढते. पण केवळ कॉपरच घेत राहिलात तर ती कधीही एकच्या पुढे जाणार नाही, म्हणजे हातात कधीही पाचपेक्षा जास्त नाणी येणार नाहीत. म्हणून पत्त्याची तुलना आज असलेल्या सरासरीशी करू नये, जिथे पोहोचायचे आहे त्या सरासरीशी करावी. १.६ च्या तुलनेत कॉपर ओढून खाली आणणारा आहे, सिल्व्हर थोडा वर नेणारा आहे आणि सहा नाण्यांना मिळून तीन देणारा गोल्ड खूप वर नेणारा आहे. याच कारणाने कॉपरसुद्धा ट्रॅश करण्याजोगा असतो, आणि ही गोष्ट मनाने स्वीकारायला सर्वाधिक वेळ लागते, कारण पैसा फेकून देणे कोणालाच रुचत नाही.

दुसरी पायरी: डेक छाटणे, एका डावाच्या आधारे

मूळ पेटीत छाटणीसाठी सर्वांत प्रभावी पत्ता चॅपल हा आहे. त्याची किंमत फक्त दोन नाणी आहे आणि तो खेळला की हातातले चारपर्यंत पत्ते ट्रॅश करता येतात. तो नाणी देत नाही, पत्ते देत नाही, गुणही देत नाही, आणि म्हणूनच नवा खेळाडू त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. खाली एक डाव पाळीगणिक मांडतो. पत्त्यांचा क्रम मी समजण्यासाठी निवडला आहे, पण तो असामान्य नशिबाचा नाही.

पहिल्या दोन पाळ्यांत दहा पत्ते मिळून सात नाणी येतात. सहापैकी पाच वेळा त्यांची विभागणी चार आणि तीन अशी होते. चार नाण्यांच्या पाळीत चॅपल घेतला आणि तीनच्या पाळीत सिल्व्हर. चार नाणी असताना दोन नाण्यांचा पत्ता घेणे उधळपट्टीसारखे दिसते, पण किंमत जास्त आहे म्हणून पत्ता चांगला ठरत नाही.

तिसऱ्या पाळीत हातात चॅपल, दोन इस्टेट आणि दोन कॉपर आले. चारही ट्रॅश केले. खरेदी झाली नाही, पण डेक बारावरून आठ पत्त्यांवर आला. चौथ्या पाळीत सिल्व्हर, तीन कॉपर आणि शेवटची इस्टेट आली, म्हणजे पाच नाणी. त्यांतून लॅबोरेटरी घेतली, जी आणखी दोन पत्ते ओढू देते आणि वर एक कृतीही परत देते. ती स्वतःची जागा भरून काढून एक पत्ता अधिक देत असल्याने तिच्यामुळे डेक जड होत नाही.

पाचव्या पाळीत तीन कॉपर, इस्टेट आणि चॅपल हाती आले. इथे खरा पेच आहे. फक्त इस्टेट ट्रॅश करून तीन कॉपरांतून सिल्व्हर घेता येईल, किंवा चारही ट्रॅश करून पाळी खरेदीविना सोडता येईल. दोन्ही मार्ग खेळण्याजोगे आहेत. मी दुसरा निवडतो, कारण त्यानंतर डेकमध्ये दोन कॉपर, सिल्व्हर, लॅबोरेटरी आणि चॅपल असे अवघे पाच पत्ते उरतात आणि पुढच्या पाळीत घेतलेला प्रत्येक पत्ता लगेच त्यापुढच्या पाळीत हातात येण्याची जवळजवळ खात्री असते. मात्र तो निवडण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते. छाटणीनंतर डेकमध्ये निदान तीन नाणी उरली पाहिजेत, नाहीतर सिल्व्हरसुद्धा घेता येणार नाही आणि डेक स्वतःच्या पायावर उभाच राहणार नाही. इथे चार नाणी उरतात, म्हणून हरकत नाही. चॅपल वापरून हरलेले जे डाव मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत हीच तपासणी राहून गेली होती.

सहाव्या पाळीत पाचही पत्ते हातात येतात आणि चार नाण्यांतून सिल्व्हर घेतला जातो. एक नाणे वाया जाणार आहे, तर लॅबोरेटरीने मिळालेल्या कृतीने चॅपल खेळून एक कॉपर ट्रॅश का करू नये, असा मोह इथे होतो. तो आवरावा, कारण पुढच्या पाळीत सहा नाणी लागणार आहेत आणि तो कॉपर त्यांतला एक आहे. सातव्या पाळीत डेकमध्ये दोन कॉपर, दोन सिल्व्हर, लॅबोरेटरी आणि चॅपल असे सहा पत्ते आहेत. पत्ते कसेही आले तरी सहा नाणी मिळतात, कारण लॅबोरेटरी हातात असेल तर ती सहावा पत्ता ओढते आणि नसेल तर उरलेल्या पाचांतच सगळे पैसे असतात. गोल्ड घेतला.

आठव्या पाळीत सात पत्त्यांत नऊ नाणी आहेत. लॅबोरेटरी हातात आली तर संपूर्ण डेक हातात येतो. ती मागे राहिली, तरी तिच्यासोबत कॉपर किंवा चॅपल मागे राहिला असेल तर आठ नाणी मिळतातच. एकूण सातपैकी सहा वेळा प्रॉव्हिन्स परवडतो. याच्या उलट, ज्याने पहिल्यापासून काहीही न छाटता सिल्व्हर आणि मग गोल्ड घेत नेले, त्याच्याकडे आठव्या पाळीच्या सुरुवातीला साधारण सतरा पत्त्यांत तेवीस नाणी असतील, म्हणजे हाताची सरासरी पावणेसातच्या आसपास. त्यालाही अधूनमधून आठ मिळतील, पण कधी मिळतील हे त्याला सांगता येणार नाही. एकूण नाणी त्याच्याकडे अडीचपट आहेत, तरी तो मागे आहे. आटोपशीर डेकचा खरा लाभ या खात्रीत आहे. पुढच्या पाळीत काय परवडेल हे आधीच ठाऊक असल्यामुळे खरेदीचा क्रम लावता येतो.

या मार्गातला धोकाही सांगितला पाहिजे. दुसऱ्या पाळीनंतर डेक बारा पत्त्यांचा असतो आणि तिसऱ्या-चौथ्या पाळीत त्यांतले दहाच दिसतात. सहापैकी एका वेळी चॅपल तळाच्या दोन पत्त्यांत अडकतो आणि पाचव्या पाळीपर्यंत हाती येत नाही. तसे झाले तर डाव सावरायला वेळ लागतो. यावर उपाय म्हणून दुसरा चॅपल घेऊ नये. छाटणी पूर्ण झाल्यावर एक चॅपलसुद्धा अडगळच असतो आणि दोन असतील तर एकाने दुसऱ्याला ट्रॅश करण्यात वेळ जातो.

तिसरी पायरी: पत्ता समोर असताना विचारायचे प्रश्न

छाटणीनंतर डेक पुन्हा फुगू न देणे हे निम्मे काम आहे. मी खरेदीच्या वेळी सर्वप्रथम असे विचारतो की, हा पत्ता डाव संपण्यापूर्वी माझ्या हातात किती वेळा येईल. घेतलेला पत्ता आधी टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो आणि पुढच्या पिसणीनंतरच हाती येऊ शकतो. वीस पत्त्यांचा डेक असेल आणि दर पाळीला पाचच पत्ते दिसत असतील, तर एक फेरी पूर्ण व्हायला चार पाळ्या लागतात. दोघांच्या डावात आठ प्रॉव्हिन्स असतात. त्यांतले चार उरले असतील आणि दोघेही जवळजवळ दर पाळीला एक घेत असाल, तर डावाला दोन-तीन पाळ्या उरल्या आहेत. अशा वेळी घेतलेला गोल्ड कदाचित एकदाही दिसणार नाही, आणि पाच नाण्यांना मिळणारी तीन गुणांची डची त्याच्याहून मोलाची ठरते.

दुसरा प्रश्न कृतींचा आहे. दर पाळीला एकच कृती-पत्ता खेळता येतो, त्या पत्त्याने आणखी कृती दिल्याशिवाय. तीन पत्ते ओढणारी स्मिदी चार नाण्यांना मिळते आणि एकटी असताना उत्तम असते. पण ती कृती परत देत नाही. पहिल्या दोन पाळ्यांत कृती परत न देणारे दोन पत्ते घेतले, तर तिसऱ्या किंवा चौथ्या पाळीत ते दोन्ही एकाच हातात येण्याची शक्यता सुमारे तीस टक्के असते, आणि तेव्हा त्यांतला एक इस्टेटइतकाच निरुपयोगी होतो. म्हणून दुसरी स्मिदी घेताना ती चांगली आहे का हा प्रश्न पुरेसा नाही. हातात आधीच एक असताना ही आली तर काय होईल, असे विचारावे लागते. दोन कृती देणारे व्हिलेज डेकमध्ये पुरेसे असतील तर उत्तर वेगळे येईल. तसेच उलट बाजूने, जोडीला खेळण्याजोगे पत्ते नसताना व्हिलेज घेणेही व्यर्थ आहे. तो स्वतःची जागा भरून काढतो, त्यामुळे नुकसान करत नाही, पण त्या पाळीतली खरेदी फुकट जाते.

तिसरा प्रश्न, पत्ता माझी सरासरी खाली तर आणणार नाही ना. वरच्या डावात आठव्या पाळीला डेकची सरासरी दर पत्त्यामागे १.२९ नाणी आहे, तेव्हा सिल्व्हर अजून उपयोगी आहे. पुढे दोन-तीन गोल्ड आले आणि सरासरी दोनच्या जवळ गेली की तोच सिल्व्हर ओझे होतो, आणि तीन नाणी हातात असूनही पाळी रिकामी सोडणे योग्य ठरते. पाच नाण्यांना मिळणारे मार्केट मात्र तेव्हाही चालते, कारण ते एक पत्ता व एक कृती परत देऊन वर एक नाणे आणि एक जादा खरेदी देते. अशा पत्त्यांमुळे डेकमधील पत्त्यांची संख्या वाढते पण डेक व्यवहारात जाड होत नाही, आणि म्हणून नुसते पत्ते मोजून डेक आटोपशीर आहे की नाही हे ठरवता येत नाही. एका पाळीत डेकचा किती भाग दिसतो, हे खरे माप आहे.

जादा खरेदीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जादा खरेदी मिळाली की शून्य नाण्यांचा कॉपर फुकट उचलण्याची सवय फार जणांना असते. खास कारण नसेल तर तो उचलू नये.

प्रॉव्हिन्स घ्यायला कधी सुरुवात करावी

लहान डेकची एक दुखरी बाजू आहे. प्रॉव्हिन्स गुण देतो, पण हातात तो इस्टेटसारखाच मृत पत्ता असतो. सतरा पत्त्यांच्या डेकमध्ये एक मृत पत्ता फारसा जाणवत नाही, मात्र सात पत्त्यांच्या डेकमध्ये तो सातवा हिस्सा अडवतो. वरच्या डावात आठव्या पाळीला लगेच प्रॉव्हिन्स घेतला तर नववी पाळी कदाचित निभावेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रॉव्हिन्सनंतर हात सहा-सात नाण्यांवर अडकायला लागतील. म्हणून प्रतिस्पर्ध्याने अजून प्रॉव्हिन्सना हात लावलेला नसेल, तर त्या नऊ नाण्यांतून मी आणखी एक गोल्ड घेतो. त्यामुळे आठ पत्त्यांत बारा नाणी होतात आणि एखादा पत्ता मागे राहिला तरी आठ नाणी निघतात. प्रतिस्पर्ध्याने आधीच दोन घेतले असतील तर ही उसंत परवडत नाही, आणि मग प्रॉव्हिन्सच घ्यावा लागतो.

जाड डेक केव्हा जिंकतो

मूळ पेटीतून प्रत्येक डावासाठी दहाच प्रकारचे पत्ते मांडले जातात आणि चॅपल दर वेळी असतोच असे नाही. त्याच्या जागी फक्त मनीलेंडर असेल, जो दर खेपेला एक कॉपर ट्रॅश करून तीन नाणी देतो, तर छाटणी सावकाश होते आणि इस्टेट तशाच राहतात. छाटणीचे काहीच साधन नसेल तर आटोपशीर डेकचा हट्ट सोडून सिल्व्हर, गोल्ड आणि एखादी स्मिदी हा साधा मार्गच बरा, कारण तेव्हा मृत पत्त्यांचा प्रभाव कमी करण्याचा उपाय म्हणजे चांगले पत्ते वाढवणे एवढाच उरतो.

विच हा पाच नाण्यांचा पत्ता समोर असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. तो खेळणाऱ्याला दोन पत्ते देतो आणि इतर प्रत्येकाच्या डेकमध्ये एक कर्स घालतो, ज्याचा एक गुण वजा होतो. लहान डेकला एकेक कर्स अधिक झोंबतो, पण चॅपल असेल तर तोच डेक तो सर्वांत लवकर बाहेरही फेकतो. अशा डावात छाटणी संपली म्हणून चॅपल ट्रॅश करून टाकणे चुकीचे ठरते. चॅपल नसेल तर विच पहिल्यांदा कोणाला परवडतो यावरच बरेचसे ठरते.

आणि शेवटी गार्डन्स. हा चार नाण्यांचा पत्ता डेकमधील दर दहा पत्त्यांमागे एक गुण देतो, म्हणजे इथे डेक फुगवणे हेच उद्दिष्ट होते. तो एकटा पुरेसा नसतो. त्याच्या जोडीला चार नाण्यांपर्यंतचा पत्ता फुकट मिळवून देणारा वर्कशॉप असावा लागतो. मग वर्कशॉपने गार्डन्स उचलायचे, ते संपले की इस्टेट उचलायच्या आणि उरलेल्या खरेदीत कॉपरसुद्धा घ्यायचे, अशी चाल चालते. कॉपर न घेण्याच्या नियमाला मी वर खास कारणाची अट घातली ती याच डावासाठी. या चालीत चाळीस पत्त्यांच्या डेकमध्ये आठ गार्डन्स असतील तर त्यांचेच बत्तीस गुण होतात. ही चाल जिंकते ती गुणांपेक्षा वेगामुळे, कारण कोणतेही तीन ढीग संपले की डाव संपतो, आणि गार्डन्स, वर्कशॉप व इस्टेट हे तीन ढीग याच चालीत आपोआप रिकामे होत जातात. समोरचा असे खेळत आहे हे तिसऱ्या-चौथ्या गार्डन्सच्या वेळी ओळखता येते. तेव्हा आटोपशीर डेकवाल्याने गोल्डची वाट न पाहता लगेच प्रॉव्हिन्सकडे वळावे आणि हातात नेमकी चार नाणी आली तर स्वतः एक गार्डन्स घ्यावे. त्या गार्डन्सचा स्वतःला गुण मिळो वा न मिळो, समोरच्याचे चार गुण त्याने कमी होतात. मात्र त्याच वेळी गार्डन्सचा ढीगही एका पत्त्याने कमी होतो, म्हणून तो घेण्यापूर्वी तिसरा ढीग किती शिल्लक आहे ते मोजून घ्यावे.